स्विचचा प्रोब घ्यावा की कायमचा टेन-एक्स?

मकरपुरा जीआयडीसीतल्या मशीनची कंट्रोल कार्डं दुरुस्त करणाऱ्या कुणालाही हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. स्कोपबरोबर आलेला प्रोब गेला, आता नवा घेताना वन-एक्स आणि टेन-एक्स दोन्ही देणारा, अंगावर स्विच असलेला घ्यायचा, की फक्त टेन-एक्स? मी दोन्ही वापरलेत, आजही दोन्ही टेबलावर आहेत. बँडविड्थ आणि केबलची लांबी पाकिटावर छापलेली असते, त्यात मी वेळ घालवत नाही.

टेन-एक्सवर दोघांच्या पोटात मांडणी एकच असते. टोकात ९ मेगओम, पुढे स्कोपचा १ मेगओम, म्हणून दहावा हिस्सा. पण केबल आणि स्कोपचं इनपुट यांना स्वतःचा कपॅसिटन्स असतो. समजा केबलचे ६० पिकोफॅरड, स्कोपचे २० आणि प्रोबमधल्या ट्रिमरचे १०, असे मिळून ९०. नुसते रेझिस्टर असते तर या ९० पिकोफॅरडनी वेगवान सिग्नल गिळून टाकला असता. म्हणून टोकातल्या ९ मेगओमला समांतर १० पिकोफॅरड बसवलेले असतात. आता कपॅसिटरही वाटणी करतात, १० भागिले १००, म्हणजे पुन्हा दहावाच हिस्सा. R1C1 = R2C2, इथे ९ गुणिले १० आणि १ गुणिले ९०, ही जुळणी झाली की वारंवारता कितीही असो, हिस्सा तोच राहतो.

या आकड्यांत साधारण १.८ किलोहर्ट्झच्या खाली रेझिस्टरांचं राज्य असतं, वर कपॅसिटरांचं. स्कोपच्या कॅलिब्रेशन पिनवर १ किलोहर्ट्झची चौकोनी लाट उगाच दिलेली नसते. तिची उडी कपॅसिटरांचं गुणोत्तर दाखवते, मागचं पठार रेझिस्टरांचं. एकाकडून दुसरीकडे सरकायला काळ-स्थिरांक ९० मायक्रोसेकंदांचा, आणि अर्धं आवर्तन ५०० मायक्रोसेकंदांचं. त्यामुळे फरक असेल तर तो पूर्ण डोळ्यांसमोर उलगडतो. कोपरा गोल आला तर कपॅसिटरचा हिस्सा कमी पडतोय, कोपऱ्यावर शिंग आलं तर जास्त होतोय.

आमच्याकडे एक जुना ॲनालॉग स्कोपही आहे, त्याचं इनपुट ३० पिकोफॅरडचं. २० वाल्या डिजिटलवर जुळवलेला प्रोब तिथे तसाच लावला की खालची बेरीज ९० ची १०० होते आणि हिस्सा १० भागिले ११०. डीसी अगदी बरोबर दिसतो, पण १ मेगाहर्ट्झची साइन लाट नऊ टक्के बुटकी दिसते आणि तिच्याकडे बघून काहीच संशय येत नाही. स्कोप बदलला, किंवा नुसतं चॅनेल बदललं, तरी ट्रिमर पुन्हा बघायचा, तोही प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने. धातूचा वापरला तर तो बाजूला घेतल्याबरोबर लाट हलते. इथवर दोन्ही प्रोब सारखेच.

स्विचवाल्याची बाजू आधी मांडतो, कारण ती खोटी नाही. पाच व्होल्टच्या सप्लायवरचा वीस-तीस मिलिव्होल्टचा रिपल टेन-एक्सवर बघायचा म्हणजे दोन-तीन मिलिव्होल्टच स्कोपपर्यंत पोचतात आणि स्कोपच्या स्वतःच्या खरखरीत मिसळतात. वन-एक्स केलं की रिपल छान उभा दिसतो. किंमतही बहुधा कमी असते. शिकणाऱ्याला एकाच प्रोबमध्ये दोन्ही मिळणं सोयीचं वाटतं, आणि त्यात चूक काहीच नाही.

माझं मन उतरलं ते मात्र त्या स्विचमुळेच. तो नेमका तिथे असतो जिथे प्रोब धरताना अंगठा येतो. काही दिवसांत त्याची पकड सैल होते आणि टोक एका पिनवरून दुसऱ्या पिनवर नेताना तो आपोआप वन-एक्सवर सरकतो. डीसी मोजताना हे लगेच कळतं, पाचाचे पन्नास व्होल्ट दिसतात. पण एका कार्डावर ८ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलच्या पायावर टोक टेकवलं की डिस्प्ले गोठायचा आणि टोक उचललं की चालू व्हायचा. टेन-एक्सवर प्रोबचा भार मालिकेतल्या १० आणि ९० चा, म्हणजे ९ पिकोफॅरड. वन-एक्सवर केबल आणि स्कोप मिळून ८० च्या वर थेट त्या पायावर येतात, जिथे मुळात २२ पिकोफॅरडचा कपॅसिटर आहे. क्रिस्टल थांबणारच. हाताखालचा मुलगा म्हणाला, “काका, क्रिस्टल गेला असेल, बदलू का?” क्रिस्टल ठणठणीत होता, स्विच सरकला होता.

एसएमपीएसच्या ३२५ व्होल्टच्या बाजूला हे झालं तर चेष्टा राहत नाही. (ती बाजू आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय बघायचीच नाही, हे तुम्हाला सांगायला नको.) टेन-एक्सवर स्कोपला ३२ व्होल्ट मिळतात, वन-एक्सवर सगळे ३२५. बऱ्याच स्कोपांच्या इनपुटशेजारी ३०० व्होल्टची मर्यादा छापलेली असते.

त्याच स्विचचा दुसरा त्रास जास्त छुपा आहे. वन-एक्स करताना तो टोकातला ९ मेगओम शॉर्ट करतो, म्हणजे त्याचे संपर्क कायम त्या रेझिस्टरच्या दोन टोकांवर बसलेले असतात. बडोद्याच्या पावसाळ्यात, फ्लक्सचा धूर आणि हाताचा घाम त्या फटीत जाऊन बसला की तिथे गळती सुरू होते. ती ९० मेगओमची जरी झाली तरी ९ चे ८.१८ उरतात, आणि १२ व्होल्टचे १३.१ दिसतात. गंमत अशी की ट्रिमर थोडा फिरवला की चौकोनी लाट पुन्हा सुरेख सपाट होते. ट्रिमर कपॅसिटरांचं गुणोत्तर रेझिस्टरांच्या गुणोत्तराला जुळवतो, मग ते गुणोत्तर दहाव्या हिश्शाचं असो वा नसो. त्यामुळे सगळ्या वारंवारतांवर सारखंच नऊ टक्के जास्त वाचन येतं आणि प्रोब निर्दोष वाटतो. हे पकडायचं असेल तर मल्टिमीटरने मोजलेल्या डीसीशी स्कोपचं वाचन ताडून बघा. माझा स्विचवाला आयसोप्रोपाइलने धुऊन, वाळवून ताळ्यावर आला, पण पुढच्या पावसात पुन्हा तेच.

कायमच्या टेन-एक्समध्ये त्या ९ मेगओमवर दुसरं काही लटकलेलं नसतं. माझा अजून तरी तसा भरकटलेला नाही. तुमच्याकडे एसी खोली असेल आणि हात हलका असेल तर स्विचवालाही वर्षानुवर्षं टिकेल, मी नाही म्हणत नाही. पण दुरुस्तीच्या टेबलासाठी मला विचाराल तर थोडे पैसे जास्त घालून टेन-एक्सच घ्या. रिपलपुरता जुना स्विचवाला वन-एक्सवर सरकवून, स्विचवर इन्सुलेशन टेपचे दोन वेढे मारून वेगळा ठेवा. माझा तसाच ठेवलाय.

घेताना एकच गोष्ट नीट बघा. तुमच्या स्कोपच्या बीएनसीशेजारी इनपुटचे पिकोफॅरड छापलेले असतात आणि प्रोबच्या कागदावर कॉम्पेन्सेशनची रेंज, उदाहरणार्थ १० ते ३५. तुमचा आकडा त्या रेंजच्या अगदी टोकाला येत असेल तर दुसरा प्रोब मागा, नाहीतर ट्रिमर शेवटापर्यंत फिरवूनही कोपरा गोलच राहील, किंवा शिंग जाणार नाही.