छोटी सुरमई की बांगडा?

जळगावहून शालकाचा फोटो आला: ‘दाजी, सुरमई सांगतोय, घेऊ का?’ बर्फात वीतभर मासा. तापीचे रोहू-कटला ओळखणाऱ्या आम्हा खानदेशींना दोन्ही सारखेच चंदेरी.

बांगडा अंगानं फुगीर. हिरवट-निळ्या पाठीवर डोक्याकडून शेपटीकडे काळसर रेघा. सुरमई लांबट, मोठीच्या कुशीवर उभे नागमोडी पट्टे. छोटीवर मात्र ठिपके असतात, तिथंच फसगत होते. खवल्यांचा उपयोग नाही, दोघांचे बारीकच.

मी पाठीवरचे पर बघतो. बांगड्याच्या दोन परांत मोकळी जागा असते, सुरमईचे जवळजवळ चिकटलेले. या फोटोत पुढचा पर खाचेत मिटलेला. ‘बोटानं उचलून परत फोटो काढ,’ म्हटलं. मधे चांगलं बोटभर अंतर निघालं. बांगडाच, आणि भाव सुरमईचा!