पैठणीच्या कॅप्शनमधले पाच शब्द नीट वाचा

‘अस्सल पैठणी. रेशमी टच. हातमाग वर्क. टेस्टेड जर. फक्त ड्रायक्लीन.’ भाचीच्या लग्नात तिला द्यायला मी जी साडी ऑनलाइन मागवली, तिच्या फोटोखाली एवढंच लिहिलं होतं. किंमत ७,८०० रुपये. साडी पॉवरलूमची आणि पॉलिस्टरची निघाली. पैसे परत मिळाले, पण त्यासाठी बरंच भांडावं लागलं. लग्नसराई तोंडावर आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

साडी आली तेव्हा दिसायला सुरेख होती. पदरावर मोर, काठ नारळी, रंग राणी. सदाशिव पेठेत फॉल-पिको करणाऱ्या मावशींकडे नेली. त्यांनी सुई हातात घेण्याआधी पदर उलटा केला आणि म्हणाल्या, “अगं, ही हातमागावरची नाही. फॉल लावू नकोस, नाहीतर परत घेणार नाहीत.” मावशींमुळेच माझे पैसे वाचले.

मोराच्या मागच्या बाजूला कापलेल्या धाग्यांची दाट लव होती. हाताने विणलेल्या पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते. विणकर नक्षीच्या कडेला ती शेजारच्या रंगात अडकवून मागे वळवतो, त्यामुळे पदर मागूनही जवळपास पुढच्यासारखाच दिसतो. पॉवरलूमवर रंगीत धागा पूर्ण पन्ह्यातून जातो आणि नक्षी नाही तिथे मागे लोंबत राहतो. ते लोंबते धागे नंतर कापून टाकतात. ही खूण पैठणीच्या काठ-पदरापुरतीच धरा. बनारसीच्या काही प्रकारांत साडी हातमागाची असूनही मागे कापलेले धागे असतात, तिथे एवढ्यावरून निकाल देऊ नका.

घरी आल्यावर पदराच्या टोकाचे उभे आणि आडवे असे दोन्ही धागे काढले. दोन्ही तपासायचे, कारण ताणा रेशमाचा आणि बाणा भलताच असंही करतात. स्टीलच्या ताटलीत चिमट्याने धरून जाळले. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. माझे दोन्ही धागे वितळले आणि त्यांचा काळा टणक मणी झाला.

विक्रेत्याचं उत्तर वाचून मला खरा संताप आला. “मॅडम, आम्ही सिल्क लिहिलेलंच नाही, रेशमी टच लिहिलंय. गोंडे हाताने बांधलेत, म्हणून हातमाग वर्क.” म्हणजे कॅप्शनमधला प्रत्येक शब्द पळवाट ठेवून निवडलेला होता. ‘फक्त ड्रायक्लीन’सुद्धा. पॉलिस्टर घरी सहज धुता येतं, पण ती सूचना वाचून आपण साडी रेशमी आहे असं धरून चालतो.

पण खाली माहितीच्या तक्त्यात त्यांनी ‘कापड: सिल्क ब्लेंड’ आणि ‘विणकाम: हातमाग’ असं निवडलं होतं. मी त्या तक्त्याचा स्क्रीनशॉट, पदराच्या उलट्या बाजूचा फोटो आणि धागा जाळतानाचा व्हिडिओ असं सगळं पोर्टलच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवलं. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार त्यांना ४८ तासांत पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढावी लागते. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली. परतीचा कुरिअर खर्च कापून बाकी पैसे आले.

प्रामाणिक विक्रेताही थोडक्यातच लिहितो, पण त्याचं लिहिणं असं असतं: ‘ताणा-बाणा दोन्ही शुद्ध रेशीम. येवल्यात हातमागावर विणलेली. काठ-पदर दोन्ही बाजूंनी सारखे. जर टेस्टेड, चांदीची नाही. सिल्क मार्क व हँडलूम मार्क लेबल. ड्रायक्लीन, मऊ सुती कापडात गुंडाळा, अधूनमधून घडी बदला.’ यातलं प्रत्येक वाक्य तपासता येतं. टेस्टेड जर म्हणजे खऱ्या चांदीची नसलेली जर, आणि तो तसं सांगून टाकतो.

लेबलांबद्दल एक सांगते. २००४ पासूनचा सिल्क मार्क रेशीम शुद्ध आहे एवढंच सांगतो. पॉवरलूमच्या शुद्ध रेशमी साडीलाही तो मिळतो. साडी हातमागावर विणली आहे की नाही हे सांगतो तो २००६ मध्ये आलेला हँडलूम मार्क. माझ्या साडीवर यातलं काहीच नव्हतं, फक्त सोनेरी अक्षरांत ‘ओरिजिनल’ छापलेलं कार्ड होतं.

तेव्हा पैसे भरण्याआधी विक्रेत्याला ताणा आणि बाणा कशाचा आहे हे लेखी विचारा, आणि पदराच्या उलट्या बाजूचा जवळून काढलेला फोटो मागा. साडी हातात आली की फॉल-पिकोला देण्याआधी, लेबल न कापता, पदर उलटून बघा.