निकष सोपा करायचा की वाट बदलायची?

आठवीचा प्रश्न: खिळा कशामुळे गंजतो? गुण १०: कारण ४, प्रयोगातला पुरावा ४, शुद्धलेखन २. डिस्लेक्सिया असलेल्या मुलासाठी दोन पर्याय.

पहिला, ‘फक्त पाणी लिहिलं तरी पूर्ण गुण’. यात विज्ञानच कापलं जातं. हवाही लागते हे त्याला कळलंय का, ते कधीच समजत नाही.

दुसरा, शुद्धलेखनाचे २ काढून ८ पैकी तपासायचं आणि उत्तर तोंडी घ्यायचं. ‘उकळलेल्या पाण्यावर तेल होतं, तो खिळा का गंजला नाही?’ ‘हवा आत गेलीच नाही, बाई.’ पुराव्याचे गुण पक्के. मी हाच घेते, पण बोलताना उत्तर सुचवायचं नाही (जीभ आवरत नाही, कबूल!).

मराठीच्या शुद्धलेखन चाचणीत मात्र हे चालणार नाही. तिथे तेच तपासायचं असतं. तिथे वेळ वाढवून द्यावा.