मागणी आधी की हकिगत आधी?

मालक परगावी आहेत आणि आज दुपारी चारच्या आत त्यांचा होकार हवा आहे. मेसेज दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात सगळी हकिगत सांगून शेवटी मागणी करायची, दुसऱ्यात मागणी वरच्या दोन ओळींत आणि हकिगत खाली. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे असं धरा. सूत संपत आलंय, मालक मुंबईला खरेदीदारांच्या भेटीगाठींत आहेत आणि मेसेज सुपरवायझरला लिहायचाय.

पहिली तऱ्हा:

«नमस्कार मालक, प्रवास नीट झाला असेल. काल तुम्ही म्हणाला तसं तीन दलालांशी बोललो. एकाकडे माल नाही. दुसऱ्याचा भाव जास्त आहे, उधारीही १५ दिवसांचीच. तिसरा जुन्या भावाने द्यायला तयार आहे, पण आज चारपर्यंत सांगा म्हणतो, उद्यापासून किलोला ४ रुपये वाढणार. गोदामात सहा दिवसांचंच सूत आहे. तरी काय करायचं ते कळवावे.»

दुसरी तऱ्हा:

«मालक, २/२० सुताच्या ४० बॅगा जुन्या भावाने घेऊ का? दुपारी ४ च्या आत दलालाला सांगायचंय, फक्त ‘घे’ किंवा ‘नको’ कळवा.

उद्यापासून किलोला ४ रुपये वाढ. ५० किलोची बॅग, म्हणजे २००० किलोला ८००० रुपयांचा फरक. गोदामात ६ दिवसांचं सूत आहे. बाकी दोघांपैकी एकाकडे माल नाही, दुसरा महाग आहे.»

माहिती जवळपास तीच आहे. फरक पडतो तो फोनच्या पडद्यावर. कुलूपबंद पडद्यावरच्या सूचनेत मेसेजच्या सुरुवातीच्या मोजक्याच ओळी दिसतात, व्हॉट्सॲपच्या यादीत तर जेमतेम एक-दोन. पहिल्या मेसेजचं तिथे «नमस्कार मालक, प्रवास नीट झाला असेल» एवढंच दिसेल. समोर खरेदीदार बसलेला असताना मालक म्हणतील, खुशालीचा मेसेज आहे, रात्री बघू. दुसरा मेसेज न उघडताच कळतो आणि एका शब्दात उत्तर देऊन मोकळं होता येतं. ८००० चा हिशोबही सुपरवायझरनेच करून दिलाय, मालकांना कॅल्क्युलेटर उघडावा लागत नाही.

पहिल्या तऱ्हेत आणखी एक खोट आहे. «काय करायचं ते कळवावे» याला एका शब्दात उत्तर देता येत नाही. किती बॅगा, कोणाकडून, हे सगळं मालकांनाच ठरवून लिहावं लागतं, म्हणून उत्तर लांबतं. मागणी वर आणली पण तीही मोघमच ठेवली, «मालक, सुताचं बघा ना, अर्जंट आहे» अशी, तर वर आणून काहीच साधलं नाही. वस्तू, नग आणि वेळ या तिन्ही गोष्टी त्या दोन ओळींत हव्यातच.

मेसेज पोचला की नाही, हे उत्तरावरून ओळखता येतं. नुसता अंगठा आला किंवा «ओके» आलं, तर मागणी वाचलेलीच नाही असं समजून फोन लावावा. «मग मी काय करू?» आलं, तर मागणी सापडली नाही. आणि मागणी पाठवल्यावर खाली वेगळा «धन्यवाद» टाकू नका. यादीत शेवटच्या मेसेजची ओळ दिसते, त्यामुळे मागणी मागे जाऊन तिथे धन्यवादच उरतो.

आता मानापानाचं. थेट मागणी उद्धट वाटेल, ही भीती आपल्याकडे खरी आहे आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. पण «मालक» या एका हाकेत आदर येतो, त्याला तीन वाक्यांची खुशाली लागत नाही. विचारपूस करायचीच असेल तर ती मेसेजच्या शेवटी करा, तिथेही ती तितकीच मनापासूनची असते. कागदी अर्जात आपण «विषय :» वरच लिहीत आलोय, त्याला कोणी उद्धटपणा म्हणत नाही. ई-मेल पाठवत असाल तर मागणी आणि मुदत त्या विषयाच्या ओळीतच घाला. «विनंती अर्ज» एवढ्यावरून कोणाला काही कळत नाही.

तरीही काही ठिकाणी मी पहिलीच तऱ्हा निवडेन. मुलीच्या लग्नासाठी काकांकडे दोन लाख मागायचे असतील, तर सूचनेच्या पट्टीत आकडा झळकू देऊ नये. शेजारी बसलेला कोणीही तो वाचतो, आणि अशा मागणीला आधी परिस्थिती कळावी लागते. खरं तर ते फोनवर बोलून किंवा घरी जाऊन मागावं. वाईट बातमीचंही तसंच. अपघातात कामगाराला लागलं असेल तर मेसेजची रचना करत बसू नये, सरळ फोन करावा. वाचणाऱ्याचा त्या गोष्टीला आधीपासून विरोध असेल, तर पहिल्याच ओळीतली मागणी पाहून «नको» येण्याचा धोका असतो. तिथे कारण आधी, मागणी नंतर, पण सगळं मिळून चार ओळींच्या आत.

रोजच्या कामाला, म्हणजे सूत, रंग, ट्रकची वेळ, बिलाची मंजुरी यांना, दुसरी तऱ्हाच घ्यावी. एका मेसेजात एकच मागणी ठेवा. सूत आणि डाइंगचं बिल एकत्र विचारलं की «हो चालेल» असं उत्तर येतं आणि ते नेमकं कशाला, हे विचारायला पुन्हा फोन करावा लागतो.