फ्लिप्ड तासांचा प्रबंध: तुलना मागच्या बॅचशी की शेजारच्या तुकडीशी?

नागपुरातल्या कॉलेजात संख्याशास्त्राचे तास 'फ्लिप' करायचे, म्हणजे व्हिडिओ घरी आणि गणितं वर्गात. पण फरक पडला हे कोणाशी ताडून ठरवणार?

मागच्या वर्षीची बॅच सोयीची, कारण गुण तयारच असतात. पण तेव्हाची प्रश्नपत्रिका वेगळी, आणि त्या मुलांची पूर्वचाचणी आता घेता येत नाही. मी तरी हा मार्ग घेणार नाही.

यंदाच्या अ आणि ब तुकड्या घेतल्या, तर दोघींना एकच चाचणी देता येते. समजा, २० पैकी अ (फ्लिप्ड) ची सरासरी १४ आली आणि ब ची ११. तीन गुणांचा फरक पाहून मार्गदर्शक खूश होतील. पण पूर्वचाचणीत अ ८ वर होती आणि ब ६ वर, म्हणजे वाढ ६ आणि ५. खरा फरक एकाच गुणाचा, तोही तुकड्या गुणवत्तेनुसार पाडल्या असतील तर संशयास्पदच.

शिवाय अ चा तास सकाळी साडेसातला आणि ब चा दुपारी दोनला असेल, तर मार्चमधलं नागपूरचं ऊनही निकालात मिसळतं. यावर उपाय म्हणजे अदलाबदल: संभाव्यतेचा भाग अ ला फ्लिप्ड शिकवायचा, परिकल्पना चाचणीचा ब ला. दोन्ही वेळा फ्लिप्ड तुकडीच पुढे गेली, तर उन्हाला श्रेय देता येत नाही.

व्हिडिओ मात्र व्हॉट्सॲपवरून दुसऱ्या तुकडीत पोचतातच. म्हणून चाचणीच्या शेवटी 'व्हिडिओ पाहिला का?' हा प्रश्न ठेवा.