रात्रपाळीचा तास कुठल्या दिवसाचा? हजेरीच्या शीटचा काही महिन्यांचा अनुभव

हजेरीची तयार शीट विकत घेताना सांगितलं होतं की पंचिंग मशीनची फाईल आत टाकायची, कामाचे तास, लेट मार्क आणि ओटी आपोआप येतात. उद्यमबागेतल्या आमच्या छोट्या फाउंड्रीत तीन पाळ्या चालतात : सहा, दोन, दहा. पहिल्या दोन पाळ्यांना शीटनं कधीच त्रास दिला नाही. माणशी महिन्याला पैसे मागणाऱ्या सॉफ्टवेअरपेक्षा एकदाच पैसे भरून मिळणारी शीट मला परवडत होती, म्हणून मी खुशीत होतो.

रात्रपाळीचा पहिला पगार निघाला आणि वाद सुरू झाला. एका मोल्डरचे पंच असे होते : सोमवारी 21:52 ला आत, मंगळवारी 06:07 ला बाहेर, मंगळवारी 21:55 ला आत, बुधवारी 06:04 ला बाहेर. शीटनं मंगळवारचा पहिला पंच 06:07 आणि शेवटचा 21:55 धरला. म्हणजे त्या दिवशी काम 15 तास 48 मिनिटं! आमच्याकडे आठ तासांपुढे ओटी, म्हणून 7 तास 48 मिनिटांचा ओटी लागला. सोमवारी मात्र एकच पंच दिसला, म्हणून अर्धा दिवस कापला. त्यानं खरं काम केलं होतं सोमवारी 8:15 आणि मंगळवारी 8:09. एका बाजूनं मालकाचे पैसे गेले, दुसऱ्या बाजूनं कामगाराची हजेरी गेली.

विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "सूत्रात MOD घातलंय, मध्यरात्र ओलांडली तरी चालतं." मी रागानं शीट टाकूनच देणार होतो. पण तपासल्यावर त्याचं सूत्र बरोबर निघालं. आत 21:52 आणि बाहेर 06:07 एकाच ओळीत असतील तर MOD नीट 8:15 देतं. चूक त्याच्या आधीच होते, पंचांची जोडी लावताना. शीट तारखेप्रमाणे जोडी लावते आणि रात्रपाळीचा माणूस दोन तारखांवर काम करतो. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम 57 मध्ये हेच सांगितलं होतं : मध्यरात्रीनंतर केलेले तास आदल्या दिवसाचे धरायचे. ही ओळ दाखवल्यावर कुठे तो ऐकून घ्यायला लागला.

त्यानं सुचवलेला उपाय असा, की रात्रपाळीवाल्यांचा दिवस दुपारी बारा वाजता बदलायचा. काही दिवस ठीक गेले. मग एका रात्री बदली माणूस खानापूरहून आलाच नाही, रात्रपाळीवाल्यानं डबल ड्युटी केली आणि 14:05 ला बाहेर पडला. तो पंच पुढच्या दिवसात जाऊन पडला आणि पुन्हा तोच गोंधळ. दिवस कुठे बदलायचा हे घड्याळाला नव्हे, पाळीला बांधलं पाहिजे. पाळी सुरू होण्याच्या चार तास आधी दिवस बदलला, तर पहिलीचा दिवस रात्री दोनला, दुसरीचा सकाळी दहाला आणि रात्रपाळीचा संध्याकाळी सहाला सुरू होतो. लवकर येणारा आत बसतो, सोळा तास थांबलेलाही बसतो. कच्च्या पंचांच्या पानावर B मध्ये तारखेसकट पंच आणि C मध्ये पाळीपत्रकातली पाळी सुरू होण्याची वेळ ठेवली, तर कामाची तारीख अशी मिळते :

```
=INT(B2-C2+4/24)
```

पुढे त्या माणसाच्या त्या तारखेचा MINIFS म्हणजे आत, MAXIFS म्हणजे बाहेर. तारीख सोबत असल्यानं सरळ वजाबाकी चालते, MOD लागतच नाही. लेट मार्कसुद्धा यानं सुधारला, कारण रात्री साडेबाराला धापा टाकत आलेला माणूस आता आदल्या रात्रीच्या दहाशी ताडला जातो.

एक जागा मात्र हातानं सांभाळावी लागते. शनिवारी रात्री आत गेलेला माणूस रविवारी सकाळी बाहेर पडतो, आणि रविवारी सुट्टी म्हणून पाळीपत्रकाचा रकाना रिकामा असतो. रिकामा म्हणजे शून्य, मग तो पंच रविवारच्या नावावर जातो आणि शनिवार अर्धा दिसतो. म्हणून सुट्टीच्या दिवशीही संपलेल्या आठवड्याचीच पाळी लिहायची. आपसात पाळी बदलली असेल तर तीही त्याच दिवशी पत्रकात घालायची. हे राहिलंय का ते ओळखायला एक पंचाची आणि चौदा तासांवरची प्रत्येक ओळ मी लाल रंगात येईल अशी ठेवलीय. पगाराआधी फक्त लाल ओळी बघतो. खरी डबल ड्युटी असेल तर सुपरवायझरच्या वहीत सही सापडते.

लेट मार्कवरून अजून एक तक्रार येते. दहा मिनिटांची सूट असताना 22:10 दिसणाऱ्यालाही मार्क लागतो, कारण मशीन सेकंदही पाठवतं आणि पंच खरा 22:10:40 चा असतो. मी रकान्यात सेकंद दाखवायला सुरुवात केली, तक्रार थांबली.

विकणारा आता नवीन आवृत्तीचे वेगळे पैसे मागतोय. जोडी लावायची ही पद्धत त्यात आधीपासून नसेल तर मी एक रुपयाही देणार नाही, हे त्याला स्पष्ट सांगितलंय.