जोत्याभोवतीचा पट्टा: काँक्रीट ओतावे की पेव्हर ब्लॉक बसवावेत?

प्लिंथ प्रोटेक्शन, म्हणजे पाणी पायापासून दूर ठेवणारा जोत्याभोवतीचा पट्टा, करायचे ठरले की बहुतेकांची निवड दोन गोष्टींवर येऊन थांबते: जागेवर ओतलेले काँक्रीट किंवा वाळूवर बसवलेले पेव्हर ब्लॉक. दोन्ही प्रकार नीट केले तर चालतात. माझा कल काँक्रीटकडे आहे आणि मी तेच निवडले. पण त्याचे कारण मजबुती नाही. भिंत आणि पट्टा जिथे भेटतात, ती बोटभर रेघ हे त्याचे कारण आहे.

आधी रुंदी आणि ढाळ, कारण हे दोन चुकले तर वर काय घातले याला फारसा अर्थ उरत नाही. साधारण मातीत 75 सेंटीमीटर ते 1 मीटर रुंदी चालते आणि पट्टा छपराच्या पागोळ्यांच्या पलीकडे किमान 30 सेंटीमीटर जायला हवा. रुंदी ठरवताना पायाच्या चराचा भराव मात्र हमखास विसरला जातो. समजा, फुटिंग, म्हणजे पायाचा रुंद तळ, भिंतीच्या बाहेर 40 सेंटीमीटर आहे आणि काम करायला आणखी 30 सेंटीमीटर खोदले होते. म्हणजे भिंतीपासून 70 सेंटीमीटरपर्यंतची माती उकरून परत टाकलेली आहे. ती मूळ जमिनीपेक्षा सैल असते आणि पाणी तिच्यातूनच सहज पायापर्यंत उतरते. 60 सेंटीमीटरचा पट्टा या भरावावरच संपतो आणि काठावरून सांडलेले पाणी थेट त्याच सैल मातीत जाते. 1 मीटरचा पट्टा तिच्यापलीकडे 30 सेंटीमीटर, न हललेल्या जमिनीवर जाऊन संपतो.

ढाळाचा प्रश्नही याच भरावाशी जोडलेला आहे. 1 मीटर रुंदीत 50 ला 1 ढाळ म्हणजे 20 मिलिमीटरचा उतार, 30 ला 1 म्हणजे सुमारे 33 मिलिमीटर. कागदावर दोन्ही पुरेसे आहेत. पण भराव भिंतीलगत बसतो आणि पट्ट्याची बाहेरची कड घट्ट जमिनीवर तशीच राहते. आतली बाजू 20 मिलिमीटर खाली गेली की 50 ला 1 चा पट्टा सपाट होतो. आणखी थोडी बसली की ढाळ उलटा होतो आणि पट्टा पाणी पायाकडे आणू लागतो. 30 ला 1 मध्ये तेवढेच बसूनही 13 मिलिमीटर उतार शिल्लक राहतो. म्हणून 30 ला 1 च धरावा. तपासायला पाणसळ आणि 1 मीटरची सरळ फळी पुरते: फळीच्या बाहेरच्या टोकाखाली 33 मिलिमीटर जाडीचा ठोकळा ठेवा, बुडबुडा मध्ये आला की ढाळ बरोबर. हा ढाळ सोलिंगच्या, म्हणजे काँक्रीटखालच्या खडीच्या थरातच द्यायचा. वरच्या काँक्रीटची जाडी कमीजास्त करून दिला तर पातळ कडा आधी फुटते.

आता पेव्हर ब्लॉक. त्यांचा गुण खरा आहे: उचलता येतात. पाइप दुरुस्त करायचा असो किंवा भराव बसला असो, दहा ब्लॉक काढा, खाली कच भरा, परत बसवा. ओतलेल्या काँक्रीटमध्ये ही सोय नाही.

मला खटकते ती भिंतीलगतची शेवटची ओळ. 1 मीटर रुंदीत ब्लॉक बहुधा पूर्ण बसत नाहीत, म्हणून भिंतीकडे चार-पाच सेंटीमीटरचे कापलेले तुकडे येतात. हे तुकडे हलके असतात, एका बाजूने अडकलेले नसतात, आणि भिंतीवरून ओघळणारे पाणी पहिले त्यांच्याच फटीत उतरते. फटीतली वाळू वाहून गेली की तुकडे डुगडुगू लागतात, मग तिथे गवत उगवते. म्हणजे पट्ट्याची सर्वांत कमजोर जागा नेमकी पायाला चिकटून तयार होते. त्यातही वरून काही दिसत नाही. पृष्ठभाग उन्हात तासाभरात सुकतो, पण खालचा तीन-चार सेंटीमीटरचा वाळूचा थर ओलाच असतो. पाऊस थांबून दोन दिवस झाले की भिंतीजवळचा एक ब्लॉक उचलून वाळू मुठीत दाबून पाहावी. गोळा झाला तर पाणी पट्ट्यावरून नव्हे, पट्ट्यातून जात आहे. उपाय आहे: वाळूखालचा थर घट्ट ठोकून त्यालाच 30 ला 1 ढाळ द्यायचा, त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद भिंतीवर दहा सेंटीमीटर चढवून अंथरायचा आणि वाळूत मुरलेले पाणी बाहेर पडायला बाहेरच्या कडेला जागा ठेवायची. पण ब्लॉक बसल्यावर यातले काय झाले आणि काय राहिले, हे कुणालाच दिसत नाही.

काँक्रीटचीही भिंतीशी फट पडते, पण ती डोळ्यांसमोर असते. इथे मोठी चूक म्हणजे काँक्रीट भिंतीला टेकवून ओतणे आणि कोपऱ्यात सिमेंटचा वाटा, म्हणजे गोलसर पट्टी, मारणे. भिंत पायावर उभी असते, पट्टा मातीवर. दोघांची हालचाल वेगळी असल्याने हा कडक वाटा तडकतोच, आणि तडा केसाएवढा असला तरी पाणी ओढून घेतो. त्याऐवजी भिंतीलगत 12 मिलिमीटर जाडीची डांबरी फायबर पट्टी उभी करून मग काँक्रीट ओतावे. सुकल्यावर पट्टीचा वरचा 20 मिलिमीटर भाग खरवडून काढावा, सांधा कोरडा आणि स्वच्छ करावा आणि लवचिक सीलंट किंवा गरम डांबर भरावे. दरवर्षी पावसाआधी या रेघेवरून खिळा फिरवला की सैल झालेली जागा लगेच कळते आणि अर्ध्या दिवसात परत भरता येते.

9 बाय 12 मीटरचे घर घेऊ. परीघ 42 मीटर, कोपरे धरून 1 मीटरच्या पट्ट्याचे क्षेत्र 46 चौरस मीटर. भराव 15 सेंटीमीटरच्या थरांत, किंचित पाणी मारून, धुम्मस करून घ्यावा. त्यावर 75 ते 100 मिलिमीटर खडीचे सोलिंग, फटींत वाळू. वर 75 मिलिमीटर काँक्रीट, 1:2:4 मिश्रणाचे, म्हणजे एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी. एकूण सुमारे साडेतीन घनमीटर, म्हणजे साधारण 22 गोणी सिमेंट. दर दीड मीटरवर सांधा ठेवून एकाआड एक गाळे ओतावेत आणि घराच्या चारही कोपऱ्यांवर तिरका सांधा द्यावा, नाहीतर तडा तिथूनच निघतो. पट्ट्याची पातळी भिंतीतल्या ओलरोधक थराच्या किमान 15 सेंटीमीटर खाली हवी. बाहेरच्या कडेला 20 सेंटीमीटर खोल काँक्रीटची कड उतरवावी, म्हणजे पाणी खालून पोखरत नाही.

आणि त्या कडेला नाली हवी. याच घराच्या छपरावर 10 मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे 1,080 लिटर पाणी येते. दुपाखी छप्पर असेल तर निम्मे एका बाजूला, म्हणजे पागोळ्यांच्या दर मीटरला 45 लिटर. पट्टा हे पाणी फक्त 1 मीटर दूर नेतो. पुढे वाट नसेल तर ते कडेला मुरते आणि ओल परत आत सरकते. जमिनीतून केशाकर्षणाने वर चढणारी ओल किंवा फुटलेल्या पाइपाचे पाणी यांवर पट्ट्याचा इलाज चालत नाही.

एका बाबतीत मी पेव्हरच्या बाजूने बोलेन. काळी, फुगणारी माती असेल तर पट्टा दीड ते दोन मीटर रुंद लागतो, कारण ओल-सुकीचा फेरा पायापासून दूर ठेवायचा असतो. एवढ्या रुंद पातळ काँक्रीटला ती माती उचलून तडे पाडते. तिथे भिंतीलगतचा 1 मीटर काँक्रीटचा आणि त्याबाहेर प्लॅस्टिकवर बसवलेले ब्लॉक, अशी जोडी बहुधा जास्त टिकते. कापलेल्या तुकड्यांची ओळ मग भिंतीपासून मीटरभर लांब जाते.